कोंकणीतून नातं संपवायचा मेसेज : स्पष्ट हवा, पण लागट नको

रांगडा_वेर्णा

नमस्कार मंडळी. मी मूळचा गडहिंग्लजचा. काही वर्षांपासून वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत कामाला आहे. थेट विषयाला येतो.

माझी मैत्रीण सासष्टीतली, ख्रिस्ती घरातली. सध्या इंग्लंडात स्विंडनला वृद्धाश्रमात काम करते. तिला मराठी येत नाही, देवनागरीही वाचता येत नाही. तिचं इंग्रजी उत्तम, माझं ऑफिसपुरतं. आम्ही पहिल्यापासून कोंकणीतच बोलतो. माझी कोंकणी प्लांटमधल्या सहकाऱ्यांकडून शिकलेली, बोलण्यात कुठे अडत नाही.

मला हे नातं संपवायचं आहे. बराच विचार करून ठरवलंय, कारण सांगत बसत नाही. तिकडे जाऊन भेटणं शक्य नाही. फोनवर बोलायला गेलो की भावनेच्या भरात माझी कोंकणी तुटते आणि मी मराठीत घसरतो. म्हणून आधी लिहून कळवायचं आणि मग तिला हवं असेल तर बोलायचं, असं ठरवलंय. मेसेज रोमी, म्हणजे रोमन लिपीत जाईल, इथे तुमच्यासाठी देवनागरीत देतो :

"मका तुजेर आतां मोग ना. मका हें नातें नाका. तूं खूब बरी आसा, पूण म्हजें मन लागना. माफ कर. तूं समजता ना. तुका म्हजेपरस बरो मेळटलो. रडूं नाका. पळोवया फुडें कितें जाता तें."

तिला दुखेल हे उघड आहे. पण माझ्या भाषेमुळे जास्तीचं दुखू नये. कुठे काय चुकतंय?

मांडवीकाठ

इंग्रजीत लिही ना. तिला उत्तम येतं म्हणतोस. परकी भाषा म्हटली की थोडं अंतर राहतं, धार बोथट होते.

दादा_पेडणेकर

'पळोवया', म्हणजे 'बघूया', वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. अरे बाबा, गोव्यात पंचायतीत अर्ज दिला की जे ऐकायला मिळतं ते हे! आमच्याकडे 'पळोवया' म्हटल्यावर माणूस पुढच्या आठवड्यात परत विचारायला येतो.

निळीशार

दादांनी नेमकं बोट ठेवलं. मी दुसऱ्या बाजूने सांगते, कारण असा मेसेज मला आला होता. तो हुबळीचा, मातृभाषा कन्नड. माझ्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्यासाठी तुझा विषय संपला.' त्याला म्हणायचं होतं, आपण दोघं इथवरच. मराठीत ते काय होतं ते तुम्हाला कळतंच. मी त्या एका वाक्यावर कित्येक महिने रडले. बाकीचा मेसेज खूप जपून लिहिलेला होता, पण तो मला आठवतसुद्धा नाही.

आणि शेवटी होतं, 'वेळ येईल तेव्हा बोलू.' मी त्या वेळेची वाट पाहिली. त्याच्या लेखी ते नुसतं निरोपाचं वाक्य होतं.

अण्णा_साखळी

सोयरीक मोडायची असेल तर मेसेज कसला करता? दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवा, मध्यस्थाला बोलवा, देणंघेणं झालं असेल तर परत करा. आमच्या काळी मुलगा स्वतः एक शब्द बोलत नसे, आणि तेच बरं होतं. मुलीच्या घरच्यांचा मान राहतो.

रांगडा_वेर्णा

अण्णा, साखरपुडा वगैरे काही झालेलं नाही. दोन्ही घरी माहीतही नाही. तिच्या घरी आता कळलं तर तिलाच त्रास होईल.

अण्णा_साखळी

असं होय. मग घरच्यांना मध्ये आणू नको. पण तिला एकटीलाच ते पेलावं लागणार, तेवढं ध्यानात ठेव. जवळ कोण आहे तिच्या?

तळ्याकाठची

मी कुडतरीत वाढले. आमचं घर हिंदू, घरात मराठी वर्तमानपत्र यायचं, पण शेजार सगळा ख्रिस्ती. शेजारणींचे नवरे तारवटी, वर्षातले बरेच महिने बोटीवर. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं मी रोमीत लिहून द्यायचे. सासू गेली, शेत विकलं, मुलगा नापास झाला, असली पत्रंही लिहिली. तिथे शिकलेलं सांगते, कारण तुझी गोष्ट तीच आहे. लांब, एकटं माणूस तुझा मजकूर पुन्हापुन्हा वाचणार आणि प्रश्न विचारायला समोर कुणी नसणार.

आधी भाषेचं. मांडवीकाठताई, इंग्रजीचं तुमचं म्हणणं अर्धं पटतं. ज्याला इंग्रजी घरच्यासारखं आहे त्याने जरूर लिहावं. पण ज्याचं इंग्रजी ऑफिसात घडलंय त्याच्या हातून 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू' आणि 'किंडली अंडरस्टँड' हेच येतं. नोकरीचा अर्ज नाकारल्याच्या पत्राची ती भाषा. ज्या माणसाने आजवर आपल्याशी कोंकणीत लाड केले, भांडण केलं, तो शेवटच्या दिवशी अचानक साहेबी इंग्रजीत बोलायला लागला तर तो दरवाजा बंद करून बोलतोय असं वाटतं. रांगड्या, तू कोंकणीतच लिही.

आता तुझा मसुदा. व्याकरणाच्या चुकांना घाबरू नकोस. 'तूं खूब बरी' असं तू लिहिलंस, आमच्याकडे तरुण मुलीला 'बरें' म्हणतात. पण ती चूक कुणाला दुखवत नाही, उलट तिला तुझाच आवाज ऐकू येईल. दुखतं ते जे व्याकरणात बरोबर आहे आणि तरी उघडंबोडकं आहे. 'मका हें नातें नाका' हे वाक्य अगदी शुद्ध आहे. पण मासळीवालीला 'आज नाका' म्हणतो आणि पानात भात वाढताना 'पुरो, नाका' म्हणतो तोच तो 'नाका'. बोलताना आपण आवाज उतरवतो, मान हलवतो, पुढे 'गो' लावतो. मेसेजमध्ये नुसता 'नाका' उरतो.

मराठी माणसाची आणखी एक खोड 'तूं समजता ना' मध्ये आहे. तुला मराठीतला लाडीगोडीचा 'ना' लावायचाय, 'समजून घेशील ना' मधला. कोंकणीत 'ना' म्हणजे नाही. रोमीत वाचताना ती पहिल्यांदा नकारच वाचेल, म्हणजे 'तुला कळत नाही'. मग थांबून परत वाचेल आणि तुझा अर्थ ओळखेल. पण पहिला ओरखडा उठलेला असेल.

दादा_पेडणेकर

ताई, हे 'ना' चं मला पटलं. माझ्या पुण्याच्या मावसभावाने इथे हॉटेलात विचारलं होतं, 'नुस्तें आसा ना?', म्हणजे मासे आहेत ना. वेटर म्हणाला, 'आसा.' हा परत, 'आसा ना?' शेवटी वेटर वैतागला, 'आसा म्हणटा न्ही!' जेवण मात्र छान झालं, इसवण ताजा होता.

ध्रुव_भाषा

मुळात दोन्ही भाषा इतक्या जवळच्या असताना हा प्रश्न पडावाच का? १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. रोमीला तिथे स्थान नाही. त्या मुलीने देवनागरी शिकायला नको होती का? आपण किती दिवस

दादा_पेडणेकर

आला! आला!! मी म्हणतच होतो, अजून कसा आला नाही.

संपादक

ध्रुव, भाषावादासाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे. इथे एका माणसाने खऱ्या अडचणीत प्रश्न विचारलाय.

ध्रुव_भाषा

ठीक. पण जवळच्या भाषांचा मुद्दा मी सोडत नाही. जवळच्या आहेत म्हणूनच फसवतात. फ्रेंचमध्ये लिहिताना माणूस प्रत्येक शब्द तपासतो, कोंकणीत लिहिताना मराठी माणूस काही तपासत नाही. एवढं म्हणून थांबतो.

तळ्याकाठची

ध्रुव, हे मात्र सोळा आणे खरं.

रांगडा_वेर्णा

ताई, मनापासून आभार. दोन गोष्टी विचारतो. 'माफ कर' च्या जागी काय लिहू? आणि कारण लिहावं का? मी असा विचार करत होतो की मला इंग्लंडला येणं जमणार नाही आणि तुला परत यायचं नाही, म्हणून थांबूया, असं लिहावं. ते खोटं नाही. आणि त्यात कुणाचाच दोष नाही.

मांडवीकाठ

'भोगस' लिही! अस्सल कोंकणी शब्द आहे, ख्रिस्ती लोक तोच वापरतात. 'मका भोगस'. किती सुंदर.

तळ्याकाठची

सुंदर आहे, पण तो प्रार्थनेतला शब्द आहे. 'आमचीं पातकां भोगस' असं त्या घरांत रोज म्हटलं जातं. मैत्रिणीला लिहिलास तर तू मोठं पाप कबूल करतोयस असं वाटेल, आणि ती विचारात पडेल की याने माझ्या पाठीमागे केलंय तरी काय. त्यापेक्षा तुम्ही दोघं एरवी चुकल्यावर जे म्हणता तेच म्हण. नुसतं 'सॉरी' म्हणत असाल तर 'सॉरी'.

फातोर्डा_एक्स्प्रेस

इथे थोडा असहमत. माझ्या घराशेजारची आजी बसमध्ये पाय पडला तरी 'भोगस पुता' म्हणते. सगळ्यांना तो शब्द प्रार्थनेसारखा जड वाटतोच असं नाही.

तळ्याकाठची

आजी म्हणते, नात म्हणते का? गावागावात फरक असेल, मी माझ्या गावचं सांगितलं.

कारणाबद्दल मात्र मी ठाम आहे. परिस्थिती हे कारण देऊ नकोस. तारवट्यांच्या घरात हे मी पाहिलंय. 'घर छप्परातून गळतंय म्हणून पैसे पुरत नाहीत' असं लिहिलं की नवरा छप्पर दुरुस्त करायला पैसे पाठवतो आणि त्याला वाटतं प्रश्न सुटला. परिस्थिती लिहिलीस की ती परिस्थिती सोडवायला बसेल. 'मी परत येते', 'दोन वर्षं थांबूया', 'तू व्हिसा बघ, मी मदत करते'. मग तुला एकेक दार पुन्हा बंद करावं लागेल, आणि प्रत्येक वेळी ते जास्त क्रूर होईल. प्रश्न सरळ विचारते. ती उद्या मडगावला परत आली तर तुला हे नातं हवंय?

रांगडा_वेर्णा

नाही.

तळ्याकाठची

मग तेच कारण. एक वाक्य, खरं. तपशील मागितला तर फोनवर.

कोंकणकन्या

वाचतेय. खूप उपयोगी चाललंय.

निळीशार

कारणाबद्दल ताईंना माझा पाठिंबा. आणखी एक, 'तुका म्हजेपरस बरो मेळटलो', तुला माझ्यापेक्षा चांगला मिळेल, हे काढच. त्या क्षणी दुसरा कुणी नको असतो. आणि ते बोलणारा माणूस स्वतःची सुटका करून घेतोय असं वाटतं. 'रडूं नाका' सुद्धा काढ. मी रडू नये हे तू का ठरवणार?

रांगडा_वेर्णा

दोन्ही काढली. हा नवा मसुदा. कोंकणी ताईंनी तपासावी.

"हांव तुका एक कठीण गजाल बरयतां. हांव आमचो मोग हांगा सोंपयतां. म्हजें मन आतां ह्या मोगांत उरूंक ना. हो निर्णय म्हजो. तुवें कांयच चूक करूंक ना. तुजे सांगाता सारिल्ले दीस हांव विसरचों ना. सॉरी. जाप दिवपाची गरज ना."

(मराठीत, ज्यांना हवंय त्यांच्यासाठी : मी तुला एक कठीण गोष्ट लिहितोय. आपलं प्रेम मी इथे संपवतोय. माझं मन आता यात उरलेलं नाही. हा निर्णय माझा. तू काहीच चुकीचं केलेलं नाहीस. तुझ्यासोबतचे दिवस मी विसरणार नाही. सॉरी. उत्तर द्यायची गरज नाही.)

तळ्याकाठची

खूप फरक पडला. वाक्यं 'हांव' ने सुरू होतात हे सगळ्यात चांगलं. 'तूं' ने सुरू झालेलं प्रत्येक वाक्य अशा वेळी बोट दाखवल्यासारखं वाचलं जातं, स्तुती असली तरी. 'तुवें' एकदाच येतं आणि ते तिला दोषातून सोडवायला येतं. 'सोंपयतां' बरोबर. 'सोंपलें' लिहिलं असतंस तर आपोआप संपल्यासारखं झालं असतं, जणू तुझा त्यात हात नाही. 'सोंपयतां' मध्ये तू समोर उभा राहतोस.

पाठवण्याआधी एक कर. पत्र लिहून झालं की मी ते शेजारणीला वाचून दाखवायचे आणि मग कागद पालथा ठेवून विचारायचे, काय सांगितलंय यात? ती जे सांगेल तेच नवऱ्याला कळणार. तू कोंकणी घरातल्या कुणाला तरी, जो तिला अजिबात ओळखत नाही अशा माणसाला, एकदाच वाचायला दे. मोबाईल परत घे आणि तीन प्रश्न विचार. संपलंय का? कुणी संपवलं? आता तिने काय करायचं? तुमच्या दोघांच्या मित्राला देऊ नकोस, तो तिच्याआधी बातमी पोचवेल.

दादा_पेडणेकर

गोव्यात तिला अजिबात न ओळखणारा माणूस? शोध, शोध. नाहीतर पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्याबाहेर जावं लागेल.

रांगडा_वेर्णा

(दुसऱ्या दिवशी)

आमच्या कँटीनमध्ये शिरोड्याच्या एक मावशी आहेत. त्यांना मित्राचा मेसेज आहे म्हणून दोन्ही मसुदे वाचून दाखवले, कारण त्यांना रोमीची सवय नाही. आधी मुद्दाम जुना वाचला. मावशी म्हणाल्या, 'झगडें जालां दिसता. चलो परत येतलो.' म्हणजे भांडण झालंय, मुलगा परत येईल! 'पळोवया' ने सगळं उलटं केलं होतं.

मग नवा. संपलंय का? 'सोंपलें.' कुणी? 'ताणें.' आता तिने काय करायचं? इथे मावशी अडल्या. म्हणाल्या, 'जाप दिवपाची गरज ना' म्हणजे तो म्हणतोय बोलू नको. मुलगी फोन करायला घाबरेल. मला तर उलट म्हणायचं होतं की तुझ्यावर उत्तराचं ओझं नाही.

फातोर्डा_एक्स्प्रेस

मावशींना दंडवत. बरोबर आहे, 'गरज ना' हे काउंटरवरच्या क्लार्कचं बोलणं वाटतं.

तळ्याकाठची

'जाप दिली ना जाल्यार चलता' असं कर. म्हणजे 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल'. मग लगेच दुसरा रस्ता उघडा ठेव. 'उलोवंक जाय जाल्यार आयतारा हांव फोन घेतलों.' म्हणजे 'बोलायचं असेल तर रविवारी मी फोन घेईन'. वार सांग, वेळ सांग. 'केन्नाय फोन कर', कधीही फोन कर, असं लिहू नकोस. ते उदार वाटतं, पण ती तीन आठवड्यांनी रात्री फोन करेल, तू झोपेत असशील, उचलणार नाहीस, आणि ती दुसरी जखम होईल. एक बोलणं, ठरलेल्या वेळी, पुरेसं लांब.

कोंकणकन्या

वेळ लिहिताना तिची लिहा. इंग्लंड आता थंडीच्या घड्याळावर आहे, आपण साडेपाच तास पुढे. तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे दुपारचे साडेबारा. नुसतं 'सांजे' लिहिलंत तर ती तिच्या संध्याकाळी फोन करेल आणि इथे मध्यरात्र असेल. माझी बहीण तिकडे केअर होममध्येच आहे. ड्युटीवर असताना त्यांचा मोबाईल लॉकरमध्ये असतो, मधल्या सुटीत पाच मिनिटं बघतात आणि परत माणसांना भरवायला, आंघोळ घालायला जातात. त्या पाच मिनिटांत हे वाचायला लागू नये. तिच्या रजेच्या आदल्या संध्याकाळी पाठवा.

अण्णा_साखळी

मी विचारलं होतं, तिच्याजवळ कोण आहे?

रांगडा_वेर्णा

अण्णा, तिची चुलत बहीण त्याच घरात राहते. दोघी एका खोलीत. शनिवारी-रविवारी तिला रजा आहे. शुक्रवारी तिची ड्युटी संपल्यावर पाठवेन, म्हणजे इथे रात्री उशिरा.

अण्णा_साखळी

बरं झालं. बहीण आहे म्हणजे कुणीतरी चहा तरी करून देईल.

निळीशार

मला अजून 'विसरचों ना' खटकतंय. दिवस विसरणार नाही म्हणतोस, म्हणजे अजून आठवण काढतोस, म्हणजे अजून काहीतरी आहे. मी असती तर त्याच वाक्याला लटकले असते. आणि 'निर्णय म्हजो' नंतर तो बदलणार नाही हे कुठे आहे?

तळ्याकाठची

दुसरं मान्य. 'हो निर्णय म्हजो, आनी तो बदलचो ना' असं जोड. ऐकायला कडक आहे, पण हे वाक्य नसेल तर तेच तिला फोनवर विचारावं लागेल, आणि ते विचारण्यात तिचा मान जातो. तिला विनवणी करायची पाळी येऊ नये म्हणून तू आधीच सांगायचं.

पहिलं मला मान्य नाही. सगळे दिवस पुसून टाकले तर ती म्हणेल, मग इतकी वर्षं काय खोटं होतं? एक वाक्य आठवणीचं हवं. ते बातमीच्या नंतर यावं आणि शेवटी येऊ नये, एवढंच. शेवटचं वाक्य माणूस हातात धरून ठेवतो. म्हणून शेवटी फोनची वेळ, कोरडी, कामाची.

निळीशार

तुमचा तर्क कळतो, पण ज्याला असा मेसेज आलाय तो वेगळं वाचतो. मी काढलं असतं.

फातोर्डा_एक्स्प्रेस

मी निळीशारच्या बाजूने. आणि 'तुका खंत जातली' असं काही घाल की, तिला दुःख होणार हे तुला माहीत आहे असं. आता थोडा कोरडा झालाय.

तळ्याकाठची

हो, 'तुका खंत जातली, हें मका खबर आसा.' चांगलं आहे. ती काय करावं हे न सांगता तिचं दुःख मान्य करतं. 'रडूं नाका' च्या जागी हे.

रांगडा_वेर्णा

शेवटचा मसुदा :

"हांव तुका एक कठीण गजाल बरयतां. हांव आमचो मोग हांगा सोंपयतां. म्हजें मन आतां ह्या मोगांत उरूंक ना. हो निर्णय म्हजो, आनी तो बदलचो ना. तुवें कांयच चूक करूंक ना. तुजे सांगाता सारिल्ले दीस हांव विसरचों ना. तुका खंत जातली, हें मका खबर आसा. सॉरी. जाप दिली ना जाल्यार चलता. उलोवंक जाय जाल्यार आयतारा, तुजे थंय दनपारां साडेबारांक, हांव फोन घेतलों."

आठवणीचं वाक्य ठेवलंय. निळीशार, तुमचं म्हणणं मनात घेऊनच ठेवलंय, कारण ते खरं आहे आणि तिला ते माझ्याकडून कळायला हवं असं मला वाटतं.

मावशींना हाही वाचून दाखवला. तिन्ही उत्तरं बरोबर आली. वर त्या म्हणाल्या, 'बरो चलो आसा तुजो इश्ट.' म्हणजे तुझा मित्र चांगला मुलगा आहे. मी काही बोललो नाही.

एकच शंका उरली. फोनवर ती इंग्रजीत बोलायला लागली तर? रागावली की ती तसंच करते.

मांडवीकाठ

मग तूही इंग्रजीत बोल, नाहीतर ती बोलणार आणि तू गप्प, असं होईल.

तळ्याकाठची

ती ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ऐक. उत्तर मात्र कोंकणीत दे, हळू, छोट्या वाक्यांत. इंग्रजीत तिच्याशी वाद घालायला गेलास तर तुझ्या तोंडून नको ते शब्द येतील आणि मराठीत घसरलास तर तिला वाटेल तू स्वतःशीच बोलतोयस. मेसेजमधलीच वाक्यं परत म्हटलीस तरी चालतील, ती कागदावर लिहून समोर ठेव. नवं कारण तयार करू नकोस. आणि फोन तिने ठेवू दे.

कोंकणकन्या

आणि रविवारी साडेबाराला चार्जर जवळ ठेवा. वेर्ण्यात वीज जाते.